सहलेखकाला मध्येच गोष्ट वळवायची असेल तेव्हा
(जोडीने लिहिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही नाटकं, एकांकिका आणि मालिकांच्या संहिता टाइप करून, मांडणी करून, वाचून देतो. आमच्याकडे येणाऱ्यांत जोडीने लिहिणारे बरेच असतात. त्यांचा एक फोन आम्हाला आता पाठ झाला आहे: "अहो, आमच्या पार्टनरला काल रात्री नवीन काहीतरी सुचलंय. पान २० पासून बदलून पाठवतो, तेवढं नीट लावून द्याल का?"

लावून देऊ. पण "पान २० पासून बदलून" आलेली संहिता आमच्याकडे सहसा तीनदा परत येते, आणि तिन्ही वेळा कारण एकच असतं. ते कारण पान २० वर सापडत नाही. ज्या रात्री ते वळण सुचलं, त्या रात्री तुम्ही फोनवर काय उत्तर दिलंत तिथे ते असतं.

भिडेखातर दिलेला होकार

लोकांना वाटतं की पटकन "नाही" म्हणण्याने जोड्या तुटतात. आमचा अनुभव उलटा आहे. "नाही" म्हटलं की भांडण होतं, दोन दिवस अबोला होतो, मग चहा होतो आणि विषय पुन्हा निघतो. खरा घोळ पटकन "हो" म्हणण्याने होतो. समोरचा उत्साहात आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, त्याचं मन मोडवत नाही. "मस्त आहे रे, लिही तू!" तो लिहायला बसतो आणि तुमच्या मनात मात्र जुनीच गोष्ट चालू राहते. पुढची पानं त्याच्या गोष्टीची, मागची तुमच्या गोष्टीची. आमच्याकडे फाइल येते तेव्हा पान ६ वर एका पात्राला जे ठाऊक आहे, ते त्याला पान २० वर नव्याने कळत असतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक निस्तरायला आमचा टायपिस्ट बसतो.

म्हणून पहिलं उत्तर होकाराचंही नको, नकाराचंही नको. एक प्रश्न विचारा: "तुला कुठल्या पानावर अडलं?" "का बदलायचंय" असं विचारू नका. "का" म्हटलं की माणूस आपल्या कल्पनेची वकिली सुरू करतो. पान विचारलं की तो संहिता उघडतो. बहुतेकदा असं निघतं की वळण त्याने सुचवलं पान २० वर, पण वाचताना कंटाळा आला होता पान १४ वर. वळण हे त्याने स्वतःच शोधलेलं औषध असतं. दुखतंय कुठे हे त्याने अजून सांगितलेलं नसतं, कधी कधी त्यालाही ते नीट कळलेलं नसतं.

एक उदाहरण

दोघांच्या परवानगीने सांगतो. गोष्टीतले तपशील थोडे बदलले आहेत. एकांकिका ३८ पानांची ठरलेली, २२ पानं लिहून झालेली. तालुक्याच्या गावातला जुना फोटो स्टुडिओ. म्हातारे मालक अण्णा, आणि दुकान विकायला त्यांचं मन वळवायला मुंबईहून आलेली मुलगी. अण्णा शेवटपर्यंत "नाही" म्हणतात, असं ठरलं होतं. एका रात्री जोडीदाराचा फोन: "पान २० वर कळू दे, की अण्णांनी दुकान सहा महिन्यांपूर्वीच विकलंय!"

लेखिकाबाई आमच्याकडे आधी एकदा पोळलेल्या होत्या. त्यांनी मेसेज केला: "ऐकलं. मला धक्का बसला, म्हणजे त्यात काहीतरी आहे. तुला कुठल्या पानापासून अडायला लागलं ते बघून ठेव, उद्या संध्याकाळी बसू." एवढंच. दुसऱ्या दिवशी जोडीदार म्हणाला, "पान १४ ते १९, अण्णा फक्त नाही-नाही म्हणतात. त्यांना हवंय काय तेच कळत नाही."

म्हणजे दुखणं सापडलं: अण्णांना स्वतःचं काही चाललेलंच नाही. यावर बाईंचा वाद नव्हताच. त्यांनाही पान १६ लिहिताना तसंच वाटलं होतं, बोलल्या नव्हत्या इतकंच.

यानंतर दोघं आमच्याकडे आले आणि आम्ही जे करतो ते केलं. त्याला आम्ही उलट वाचन म्हणतो. वळणाच्या पानापासून मागे मागे पहिल्या पानापर्यंत यायचं, आणि दर पानाला एकच प्रश्न विचारायचा: नवी गोष्ट खरी असेल तर हे वाक्य टिकतं, मोडतं, की आधीपेक्षा बरं होतं? पुढून वाचलं तर आपण गोष्टीच्या ओघात जातो आणि मोडलेली वाक्यं नजरेतून सुटतात. मागून वाचलं की ओघच नसतो.

पान ९ वर शेजारचा टेलर हातउसने दोन लाख देऊ करतो आणि अण्णा घेत नाहीत. पूर्वी तो नुसता मानीपणा होता. नव्या गोष्टीत तो अपराधी माणसाचा नकार झाला. वाक्य तेच, पण वजन वाढलं. पान २ वर अण्णांनी जुना कॅमेरा दुरुस्त करून आणलेला असतो. पैसे कुठून आले हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आता उत्तर मिळालं. इथवर जोडीदार खुशीत होता.

पान ४ वर मात्र सगळं मोडलं. तिथे अण्णा रंगमंचावर एकटे आहेत आणि फोनवर दलालाला सांगतात, "मी हे दुकान विकणार नाही," आणि फोन आपटतात. सहा महिन्यांपूर्वी विकलेलं असेल तर हे खोटं झालं. मुलीसमोर खोटं बोलले असते तर चाललं असतं. पण एकटा माणूस, व्यवहार माहीत असलेल्या दलालाशी खोटं कशासाठी बोलेल? ते खोटं फक्त प्रेक्षकांना फसवायला ठेवलेलं आहे, आणि प्रेक्षकाला ते घरी जाताना जिन्यात कळतं. धक्क्याच्या वळणांत सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. तुमच्या संहितेत पात्र एकटं असताना काय बोलतं, ते आधी तपासा.

दुसरी अडचण बाईंनी काढली. विकून झालं असेल तर पान २० नंतर मुलगी भांडणार कशासाठी? अजून १८ पानं जायची आहेत.

मग कुणीतरी सुचवलं, कुणी ते आता आठवत नाही: विकलं नाही, विसार घेतलाय. विसार पावती झाली आहे, खरेदीखत व्हायचं आहे. म्हणजे दार बंद झालेलं नाही, किलकिलं आहे. माघार घ्यायची तर पैसे परत द्यायला हवेत, आणि त्यातले काही कॅमेऱ्यात गेलेत. अण्णांना आता काहीतरी हवं आहे. पान ४ वर तीन ओळी बदलल्या. अण्णा फोनवर म्हणतात, "मी नाही म्हणालो का? वेळ द्या म्हणालो." पहिल्यांदा ऐकताना ती टाळाटाळ वाटते, पान २० नंतर ती गयावया वाटते, आणि दोन्ही वेळा माणूस खरंच बोलतोय.

जोडीदाराचं वळण जसंच्या तसं राहिलं नाही, आणि बाईंची जुनी गोष्टही राहिली नाही. बदल निघाले अकरा ठिकाणी. पुढून लिहीत गेले असते तर पान २० नंतरचं सगळं आणि वर पान ४, असं दोनदा टाइप झालं असतं. आमचं बिल वाढलं असतं, ते आम्हाला नको होतं असं नाही, पण स्पर्धेची तारीख वाढली नसती.

नाही म्हणायचं तेव्हा

प्रत्येक वळण घ्यायचं नसतं. उलट वाचनात मोडलेली वाक्यं जर तुम्हा दोघांना सगळ्यात आवडणारीच निघाली, तर ते वळण दुसऱ्या नाटकाचं आहे. तालमी उभ्या राहिल्या असतील तर प्रश्न नटांच्या पाठांतराचाही येतो. आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन झाली असेल, तर कथानकच बदलणं ही दोघांमधली खासगी गोष्ट राहत नाही.

अशा वेळी "ठरलं होतं ना आपलं!" असं म्हणू नका. त्यात समोरच्याला वचनभंग केल्यासारखं होतं. कल्पना त्याच्या नावानिशी, तारखेनिशी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि ती त्याला पाठवा. तुम्ही ती ऐकली आणि ती कुठे आहे हे त्याला माहीत असलं की तो ती गुपचूप संवादांत घुसवत नाही. गुपचूप घुसवलेले संवाद आम्हाला लगेच ओळखू येतात: त्या पात्राची भाषा अचानक बदलते.

आम्ही दोघांची सही का मागतो

यावरून आमच्यावर रागावणारे आहेत. "तुम्ही टायपिंगवाले, तुम्हाला काय करायचंय?" मुद्दा असा, की ज्या संहितेत कुणाचा भाग कुठला हे वेगळं काढता येत नाही, ती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संयुक्त लेखन ठरते. एकाने परस्पर बदललेली प्रत आम्ही "अंतिम" म्हणून छापली आणि दुसरा दारात उभा राहिला, हे आमच्याकडे घडलेलं आहे. तेव्हापासून कथानकाचा बदल असेल तर दोघांच्या संमतीची एक ओळ लागतेच, मेसेजवर चालेल. आम्ही पंच नाही. कुणाची कल्पना चांगली हे आम्ही सांगत नाही. काय मोडतं ते दाखवतो.

फाइल पाठवताना जुनी प्रत पुसू नका, आणि दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या रंगांत तर अजिबात नको. नावं अशी द्या:

```
studio_07.docx
studio_08_visar.docx
```

आकडा चढता, आणि वळण असेल तर त्याचं एका शब्दात नाव. `final`, `final2`, `final_pakka` अशी नावं आली की आम्ही फोन करून विचारतो, आणि त्यात तुमचा अर्धा दिवस जातो.

सोबत एका पानावर लिहा: वळण काय आहे, कुठल्या पानावर आहे, आणि ते सुचवणाऱ्याला कुठल्या पानावर अडलं होतं. तिसरी ओळ रिकामी असेल तर आम्ही काम सुरू करत नाही. आमच्याकडे पूर्ण संहितेची मांडणी करून घेणाऱ्यांना एक उलट वाचन त्याच शुल्कात मिळतं. नुसतं वाचनच हवं असेल तरी या, पण दोघांनी मिळून या. एकटं आलेल्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो. ४० पानांपर्यंतच्या एकांकिकेला एक बैठक पुरते, दोन अंकी नाटकाला दोन. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीआधीच्या दिवसांत चार दिवस आधी वेळ घ्यावी लागेल. त्या आठवड्यात सगळ्यांनाच रात्री अकराला काहीतरी सुचत असतं.