पॅटर्न विसरलात? आधी फोन बंद करू नका

साताऱ्याच्या काकांचा सोमवारी सकाळी दहाला फोन आला. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांनी नातवाच्या नजरेतून वाचण्यासाठी पॅटर्न बदलला होता. त्यानंतर दीड दिवस बोटाच्या ठशानेच फोन उघडत होता, त्यामुळे नवा पॅटर्न पुन्हा काढायची वेळच आली नाही. सोमवारी काकूंचाही ठसा नोंदवायला सेटिंग्जमध्ये गेले, तेव्हा फोनने पॅटर्न मागितला. पाच वेळा चुकला. फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा.

"अरे, एकदा बंद करून चालू करतो, म्हणजे ठीक होईल," काका म्हणाले. मी जवळजवळ ओरडलोच. कारण फोन बंद झाला असता, तर त्यातलं जे फक्त फोनमध्येच होतं ते सगळं गेलं असतं.

पॅटर्न हा नुसता दारावरचा पहारेकरी आहे असं आपल्याला वाटतं. जुन्या अँड्रॉइडमध्ये तो खरंच तेवढाच होता. तेव्हा पॅटर्नची खूण gesture.key नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असायची. ज्या फोनवर त्या फाइलपर्यंत पोचता यायचं, तिथे ती उडवली की कुलूप गेलं. ४.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत तर पाच चुकांनंतर गुगलचा पासवर्ड टाकूनही फोन उघडता येई. ती सोय २०१४ मध्ये आलेल्या ५.० पासून गेली, पण ते उपाय सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात.

आज फोनमधले फोटो, मेसेज, ॲपमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. ती उलगडणारी किल्ली तयार पडलेली नसते. तुमचा पॅटर्न आणि फोनच्या चिपमध्ये कोरलेलं एक गुपित, दोन्ही एकत्र आल्यावरच ती हाती लागते. फोन चालू केल्यावर पहिल्यांदा पॅटर्न काढता, तेव्हा ही किल्ली कामाला लागते आणि फोन बंद होईपर्यंत स्मृतीत राहते. नंतर ठसा काम करतो तो केवळ पडदा सरकवण्याचं. तिजोरी आधीच उघडी असते. म्हणून फोन बंद करून चालू केला की ठसा चालत नाही, पॅटर्नच हवा असतो.

फोन यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. तो चालू झाल्यानंतर एकदाही उघडला नसेल, तर फोन वाजतो, पण करणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. नावांची यादी तिजोरीत बंद असते ना! व्हॉट्सॲपचे मेसेजही येत नाहीत. गजर मात्र होतो.

काकांची तिजोरी उघडी होती, पण तिला मुदत होती. शेवटचा बरोबर पॅटर्न काढल्यापासून ७२ तास झाले की अँड्रॉइड ठसा नाकारतो आणि पॅटर्न मागतो. (साध्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखणाऱ्या कुलपाची मुदत याहून कमी असते.) शनिवारी रात्री नऊ म्हणजे मंगळवारी रात्री नऊ. आमच्या हातात पस्तीस तास होते. मी काकांना तीन गोष्टी बजावल्या. फोन चार्जरला लावून ठेवा, कारण बॅटरी संपली तरी फोन बंदच होतो. अपडेट बसवायचं आणि फोन आपोआप रीस्टार्ट करायचं जे काही चालू असेल ते थांबवा. आणि ओलं बोट लावू नका, ठसा सारखा चुकत राहिला तर तोही बंद पडतो.

मग पॅटर्न आठवायचा प्रयत्न. बरेच पॅटर्न डोक्यात नसतात, अंगठ्यात असतात. टक लावून बघत बसण्यापेक्षा फोन नेहमीच्या हातात, नेहमीच्या जागी धरून सहज अंगठा फिरवावा. काच दिव्याखाली तिरकी धरली तर बोटाच्या तेलकट रेघाही दिसतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याच रेघांवरून दुसऱ्याचा पॅटर्न ओळखता येतो असं दाखवलं होतं. चोराची युक्ती मालकानेही वापरायला हरकत नाही. काकांनी मात्र पॅटर्न दोनदाच काढला होता, त्यामुळे ना अंगठ्याला सवय होती, ना काचेवर रेघ.

अंदाजाने काढत राहिलो तर? नऊ ठिपक्यांवर किमान चार ठिपके जोडणारे एकूण ३,८९,११२ पॅटर्न होतात. चुका वाढत गेल्या की थांबायची वेळही वाढत जाते. अँड्रॉइडच्या मूळ आराखड्यात १४० चुकांनंतर ती दिवसाला एक प्रयत्न इथवर पोचते, म्हणजे सगळे पॅटर्न संपवायला हजार वर्षं. काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसायची सेटिंग असते. ती चालू केलेली असेल तर अंदाज बांधतच बसू नये.

सॅमसंगचा फोन असेल तर आणखी दोन वाटा बघाव्यात. रिमोट अनलॉक आधीच चालू असेल, फोनमध्ये सॅमसंगचं खातं असेल आणि इंटरनेट मिळत असेल, तर ज्या मॉडेलांत सोय आहे त्यांचं कुलूप संगणकावरून काढता येतं. काही नव्या मॉडेलांत पॅटर्न बदलल्यापासून ७२ तास जुना पॅटर्नही चालतो. काकांचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता.

ठशाने फोन उघडत असला तरी पॅटर्न बदलता येत नाही, त्यासाठी जुना लागतोच. डेव्हलपर ऑप्शन्स चालू करायलाही तोच मागतात. म्हणजे शेवटी फोन पुसून नव्याने चालू करणं भाग होतं. पण फोनमधली माहिती बाहेर काढता येते, आणि आम्ही तेच केलं. संध्याकाळी मी साताऱ्याला पोचलो, फोन ठशाने उघडला, केबलने लॅपटॉपला जोडला आणि फाइल ट्रान्सफर निवडून फोटो, व्हिडिओ, डाउनलोड्सचे फोल्डर उतरवले. नावं-नंबर गुगल खात्यात पोचल्याचं लॅपटॉपवर उघडून पाहिलं. व्हॉट्सॲपच्या चॅट्समध्ये जाऊन ताजा बॅकअप घेतला.

एसएमएसचा घोटाळा मला आयत्या वेळी आठवला. गुगलच्या फोन बॅकअपमधले एसएमएस, कॉलची यादी आणि ॲपमधली माहिती २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून स्क्रीन लॉकनेच बंद केलेली असते. परत आणताना जुना पॅटर्न मागतात. तो विसरलेल्याला त्या बॅकअपचा उपयोग नाही. म्हणून एसएमएस वेगळ्या ॲपने फाइल करून लॅपटॉपवर घेतले.

शेवटी गुगलचा पासवर्ड. फोन पुसल्यावर तो त्याच खात्याने चालू करावा लागतो. काकांना पासवर्ड आठवत नव्हता, तो त्यांच्या वहीत सापडला. लॅपटॉपवर टाकून बघितला, बरोबर निघाला.

फोन एकदा बंद होऊन ठसा निकामी झाला असता, तर यातलं काहीच जमलं नसतं. मेमरी कार्डावरच्या फाइल, कार्ड फोनच्या साठवणीत मिसळून टाकलेलं नसेल तर, दुसऱ्या फोनमध्ये दिसल्या असत्या. गुगलवर आधी गेलेले फोटो आणि नंबरही मिळाले असते. बाकी काही नाही. माहितीला धक्का न लावता कुलूप काढतो म्हणून पैसे मागणारी बहुतेक सॉफ्टवेअरं अखेर फोन पुसतात. दुकानदार "फ्लॅश मारून देतो" म्हणतो त्याचाही अर्थ तोच.

मंगळवारी दुपारी आम्ही फोन बंद करून रिकव्हरी नावाच्या दुरुस्तीच्या मेनूतून पुसला. गुगलचा पासवर्ड टाकला, बॅकअप परत आणायचा पडदा आला आणि त्याने जुना पॅटर्न मागितला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'स्किप' दाबलं.