३६०० चा सा

अर्डुइनो उनो बोर्ड आणि एक पॅसिव्ह बझर घेऊन शुद्ध स्वरांची सरगम वाजवायची आहे. या बझरला नुसते ५ व्होल्ट लावले की एकदाच 'टिक' होतं आणि पुढे शांतता, वायर काढून दुसरीकडे टेकवली की परत एकदा 'टिक'. आतली पातळ चकती व्होल्टेज बदललं की वाकते, नाही बदललं तर आहे तशीच बसून राहते. हाच टिक सेकंदाला दोनतीनशे वेळा, अगदी सारख्या अंतराने केला की त्याचा स्वर होतो. दुकानात घेताना मात्र बघून घ्या, ५ व्होल्टवर सलग पीऽऽ वाजला तर तो अ‍ॅक्टिव्ह बझर, त्याच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं आणि त्यावर कितीही सरगम वाजवा, त्याचा तोच पीऽऽ तुकड्यातुकड्यात खरखरत येतो.

आता टिक सारख्या अंतराने करायचे कसे? पहिल्यांदा सगळे करतात ते म्हणजे बोर्डाची बझर जोडलेली पिन वर, जरा थांब, पिन खाली, जरा थांब, असा लूप. वाजतं, पण बेसूर वाजतं. कारण पिन हलवायच्या आज्ञेलाच काही मायक्रोसेकंद लागतात, ते आपण मोजलेले नसतात म्हणून स्वर किंचित उतरतो, आणि शिवाय अर्डुइनो उनो त्याचं स्वतःचं घड्याळ चालवायला दर १०२४ मायक्रोसेकंदांनी आपलं काम थांबवून मध्ये घुसतो, त्यामुळे एखादी लाट लांब, एखादी आखूड. कानाला ती बारीक खरखर लगेच कळते.

म्हणून हे काम टायमरला द्यायचं. उनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झचं, त्याला ८ ने भागून टायमर १ ला दिलं की तो सेकंदाला २० लाख मोजतो, म्हणजे एक मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदाची. आपण त्याला एक आकडा देऊन ठेवायचा. मोजत मोजत तिथे पोचला की हार्डवेअर स्वतःच ९ नंबरची पिन उलटी करतं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं, प्रोसेसर त्या वेळात दुसरं काहीही करू शकतो. पूर्ण लाटेला पिन दोनदा उलटावी लागते, आणि मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदाची, म्हणजे दोन आणि अर्धा एकमेकांना कापतात आणि टायमरचा आकडा म्हणजेच लाटेची लांबी, थेट मायक्रोसेकंदात! १० लाखाला त्या आकड्याने भागलं की फ्रिक्वेन्सी.

```
void setup() {
  pinMode(9, OUTPUT);
  TCCR1A = _BV(COM1A0);
  TCCR1B = _BV(WGM12) | _BV(CS11);
}

void swar(unsigned int n) {
  OCR1A = n - 1;
}
```

एक वजा केलाय कारण टायमर शून्यापासून मोजतो. `loop()` मध्ये `swar(3600); delay(500);` असं लिहीत गेलं की झालं.

मी ३६०० का धरला ते सांगतो, मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. ३६०० चा स्वर येतो २७७.७८ हर्ट्झ, पेटीवरच्या काळी एकच्या अगदी जवळ (ती २७७.१८). आणि शुद्ध स्वर म्हणजे 'सा'च्या साध्या पटी, पंचम दीडपट, गंधार सव्वापट. फ्रिक्वेन्सी दीडपट म्हणजे लाटेची लांबी दोन तृतीयांश, आणि ३६०० ला जवळपास कशानेही भाग जातो, त्यामुळे रे ३२००, ग २८८०, म २७००, प २४००, ध २१६०, नी १९२०, वरचा सा १८००. एकही अपूर्णांक नाही, कुठेही गोळाबेरीज नाही, सात शुद्ध स्वर जसेच्या तसे. बोर्डाचं क्लॉक थोडं पुढेमागे असलं तरी सगळे स्वर एकदम सरकतात, त्यांची आपापसातली नाती हलत नाहीत.

आपल्या नेहमीच्या पेटीवर बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात, तिथला गंधार सव्वापट नसून साधारण १.२६ पट असतो, म्हणजे आपल्या हिशोबात २८५७. दोन्ही वाजवून बघाच, ३६०० नंतर २८८० आणि मग ३६०० नंतर २८५७. फरक तीन हर्ट्झहूनही कमी आहे पण दुसरा गंधार चढा लागतो, एकदा ऐकला की विसरता येत नाही.

कोणी म्हणेल एवढं कशाला, अर्डुइनोमध्ये तयार `tone()` आहे की. आहे, आणि बीप वाजवायला उत्तम आहे. पण त्याला फ्रिक्वेन्सी पूर्णांकातच द्यावी लागते आणि उनोवर तो ८ बिटांचा टायमर वापरतो, जो २५६ च्या पलीकडे मोजत नाही, म्हणून मोजणीच जाड करावी लागते. आपला पंचम ४१६.६७ चा, म्हणून तुम्ही शहाण्यासारखं `tone(9, 417)` लिहिलं तर आत भागाकार होऊन १४९.८ च्या आसपास उत्तर येतं, अपूर्णांक कापला जातो, राहतात १४९, आणि वाजतो ४१९.४६! एक हर्ट्झचा तिसरा हिस्सा वाचवायला गेलो आणि पावणेतीन हर्ट्झ चढलो. तेच `tone(9, 416)` लिहिलं तर आकडा बरोबर १५० वर बसतो आणि पंचम चोख.

आता माझ्या सरगमीत आलेला दोष. आरोह वाजवताना मधूनच 'टक्क' व्हायचं, दर वेळी वेगळ्या स्वरावर, आणि अवरोह मात्र एकदम स्वच्छ. दोन दिवस मी वायरी आणि सोल्डर तपासत बसलो. खरं तर उत्तर त्या आरोह-अवरोहातच होतं. वर जाताना आकडा लहान होतो. समजा टायमर ३००० वर पोचलाय आणि त्याच क्षणी मी त्याला २८८० दिला, तर तो आकडा मागेच राहिला ना, मग टायमर त्याची वाट बघत थेट ६५५३५ पर्यंत मोजत जातो आणि मगच शून्यावर येतो, त्यात तीसबत्तीस मिलिसेकंद जातात, तेवढा वेळ पिन गप्प. खाली येताना आकडा मोठा होत जातो, तो कधीच मागे पडत नाही.

मी घाईघाईने स्वर बदलताना दर वेळी टायमर शून्य करून टाकला, टक्क गेलं, आणि मी खुश. मग रे वरून ग वर मींड घ्यावी म्हणून आकडा ३२०० पासून २८८० पर्यंत एकेकाने उतरवला, दर पायरीला एक मिलिसेकंद. आवाजच बंद! कारण पिन उलटायला दीड मिलिसेकंद लागतो आणि मी दर एक मिलिसेकंदाला त्याला परत शून्यावर आणतोय, बिचारा तिथपर्यंत पोचणार कधी. म्हणून शून्य करायचं ते फक्त टायमर आकड्याच्या पुढे गेला असेल तरच, `swar` मध्ये शेवटी ही एक ओळ:

```
if (TCNT1 > OCR1A) TCNT1 = 0;
```

या ओळीनंतर ३२० पायऱ्या, साधारण एक तृतीयांश सेकंद, आणि रे सलग सरकत ग वर जाऊन थांबला. आवाज पातळच, कारण एवढासा बझर दोन-चार हजार हर्ट्झला जोरात वाजतो आणि एवढ्या खालच्या स्वरांना त्याच्यात दम नसतो, आपल्याला जास्त ऐकू येतात ते त्याचे वरचे हार्मोनिक्स. पण ही मींड पेटीवर निघत नाही, तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतंच, आणि इथे रे आणि ग च्या मध्ये ३१९ जागा आहेत.