नव्या आरोग्य विम्याचे पहिले ३० दिवस : आजाराला थांबा, अपघाताला नाही. दावा कसा करायचा?

आरोग्य विम्याची नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस आजारपणाचा खर्च मिळत नाही, हे एजंट सांगतो. त्याच कलमात अपघाताला सूट दिलेली असते, हे मात्र अनेकदा सांगायचं राहून जातं. त्यामुळे पॉलिसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात मोडलेली माणसं दावाच करत नाहीत. काहींचा दावा एका चुकीच्या शब्दामुळे अडकतो. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या शब्दरचनेप्रमाणे पॉलिसीत Excl03 या क्रमांकाचं एक कलम असतं. पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कोणत्याही आजारावर झालेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, अपघातातून आलेले दावे मात्र याला अपवाद असतील, असा त्याचा आशय आहे. पण या अपवादाला एक अट जोडलेली असते: तो अपघाती उपचार पॉलिसीत मुळात समाविष्ट असला पाहिजे. ही अट वाचायची राहून जाते. बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास भरती किंवा त्याहून कमी वेळात होणारी, डे-केअर यादीतली शस्त्रक्रिया लागते. बोटाच्या हाडाला बारीक चीर गेली, ओपीडीत प्लास्टर घालून घरी पाठवलं, तर तो अपघात खराच. पण पॉलिसीत ओपीडी नसेल तर खर्च मिळत नाही. तिथे ३० दिवसांचा संबंधच येत नाही.

दिवस मोजायचे ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापलेल्या विमा सुरू होण्याच्या तारखेपासून. हप्ता भरल्याची किंवा पॉलिसी हातात पडल्याची तारीख इथे चालत नाही. समजा, हप्ता ३ जूनला भरला आणि विमा ५ जूनपासून सुरू झाला. मग प्रतीक्षा काळ ४ जुलैला संपतो. याच पॉलिसीत आणखी एक ३० दिवसांची मुदत असते, ती म्हणजे पसंत न पडल्यास पॉलिसी परत करण्याची. ती कागदपत्रं मिळाल्यापासून मोजतात. दोन्ही मुदतींचा आकडा एकच असल्यामुळे गल्लत होते, म्हणून दोन्ही तारखा पॉलिसीवर पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात.

हा प्रतीक्षा काळ कोणाला लागू होतो? पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला, आणि जुन्या पॉलिसीत नव्याने जोडलेल्या सदस्याला, पण फक्त त्या सदस्यापुरता. वेळेवर नूतनीकरण करून सलग १२ महिन्यांहून अधिक विमा असलेल्यांना तो पुन्हा लागत नाही. विम्याची रक्कम वाढवली, तर तो फक्त वाढीव रकमेला लागतो. ५ लाखांची पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी १० लाखांची केली आणि विसाव्या दिवशी डेंग्यूने भरती व्हावं लागलं, तर जुन्या ५ लाखांतून दावा करता येतो. वाढवलेले ५ लाख त्या वेळी उपलब्ध नसतात. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात ही अट बऱ्याचदा काढून टाकलेली असते, ते त्या पॉलिसीतच पाहावं.

अपघात कशाला म्हणतात

पॉलिसीतल्या व्याख्येनुसार अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित आणि इच्छेविरुद्ध घडलेली अशी घटना, जी बाहेरच्या, दिसणाऱ्या आणि जोरदार कारणाने घडते. गाडीवरून पडणं, जिन्यावरून घसरणं, भाजणं, यंत्रात हात सापडणं हे सरळ यात बसतं. सापाचा किंवा कुत्र्याचा चावाही साधारणपणे अपघातच धरला जातो. डासाचा चावा मात्र नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात विम्याच्या एका प्रकरणात, मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात डास चावून मलेरियाने झालेला मृत्यू हा अपघात मानायला नकार दिला. त्यामुळे पहिल्या महिन्यात डेंग्यू-मलेरियासाठी अपघाताच्या अपवादावर भिस्त ठेवू नये.

खरी ओढाताण होते ती मधल्या प्रकरणांत. गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि रुग्ण सांगतो की मागच्या आठवड्यात पाय मुरगळला. पण ओपीडीच्या कागदावर ‘दोन महिन्यांपासून गुडघेदुखी’ असं लिहिलेलं असतं आणि एमआरआयमध्ये झिजेचे बदल दिसतात. असा दावा कंपनी आजाराकडे ढकलते, आणि कागद तसंच बोलत असतील तर तिला दोष देता येत नाही. हाडांबाबतही तपास होतो. मोडलेलं हाड सांधताना त्याभोवती नवं हाड तयार होऊ लागतं आणि काही आठवड्यांनी ते एक्स-रेत दिसतं. इजा कालची आहे असं सांगितलं आणि फिल्ममध्ये सांधणी सुरू झालेली दिसली, तर मोड पॉलिसीच्या आधीची असल्याचा संशय येतोच. म्हणून पहिल्या दिवसाची एक्स-रे फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी, नुसता रिपोर्ट पुरत नाही. प्रामाणिक माणसाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

एक उदाहरण सुरुवातीपासून

वरचीच पॉलिसी घेऊ. ४२ वर्षांच्या एका बाईंची पॉलिसी ५ जूनला सुरू झाली. १८ जूनच्या संध्याकाळी ओल्या रस्त्यावर त्यांची दुचाकी घसरली आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी काय झालं ते विचारलं. वेदनेने कळवळत त्या म्हणाल्या, ‘गाडी घसरली, पडले, चक्कर आली.’ चक्कर पडल्यानंतर आली होती. कागदावर मात्र ‘चक्कर येऊन पडल्या’ असं लिहिलं गेलं.

नातेवाइकांनी रुग्णालयाच्या विमा कक्षात पॉलिसी आणि ओळखपत्र दिलं. तातडीच्या भरतीची सूचना बहुतेक पॉलिसींप्रमाणे २४ तासांत द्यावी लागते, तीही दिली. बिल कंपनीने थेट रुग्णालयाला द्यावं, या कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा असा २०२४ चा नियम आहे. निर्णय आला, पण नकाराचा: चक्कर हे आजाराचं लक्षण असून पॉलिसीला ३० दिवस झालेले नाहीत.

इथे बरेच जण हात टेकतात. पण कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा कायमचा बाद झाला असं नाही. बिल भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो, आणि मधल्या दिवसांत नोंद दुरुस्त करून घेता येते. दुरुस्ती म्हणजे जुन्या कागदावर खाडाखोड नव्हे. खोडलेला कागद खऱ्या माणसालाही संशयात पाडतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह वेगळं स्पष्टीकरणपत्र घ्यायचं. त्यात अपघात कधी आणि कसा झाला, पहिली नोंद तशी का झाली आणि तपासणीत काय आढळलं, हे असावं. या बाईंचा ईसीजी, रक्तदाब आणि साखर भरतीच्या वेळी सामान्य होती. त्यांच्या कोपरावर आणि गुडघ्यावर खरचटल्याच्या खुणा होत्या. या दोन गोष्टी पत्रात आल्या की घटनेचा क्रम पटतो. डिस्चार्ज कार्डवरही तोच क्रम उतरला पाहिजे, आणि तो घरी निघण्यापूर्वी वाचून पाहायचा.

चक्कर खरोखरच आधी आली असती तर? तर तेच सांगायचं. मनगट मोडलं ते जमिनीवर आपटल्याने, म्हणून त्याच्या उपचाराचा दावा अपघात म्हणून मांडता येतो. कंपनी हरकत घेऊ शकते, पण मांडणीला आधार आहे. चक्कर का आली हे शोधण्याच्या तपासण्यांचा खर्च त्यातून वेगळा निघेल. डॉक्टरांपासून खरं लपवलं तर आधी उपचार चुकतील, दावा ही नंतरची गोष्ट.

अर्जासोबत काय जोडायचं

दावा अर्जाचा पहिला भाग रुग्णाने आणि दुसरा रुग्णालयाने भरायचा असतो. पहिल्या भागात इजेचा एक रकाना आहे. इजा रस्ते अपघातात झाली का, स्वतः करून घेतली का, मद्यपानाशी संबंध आहे का, प्रकरण वैद्यकीय-कायदेशीर आहे का, पोलिसांना कळवलं का, असे प्रश्न त्यात असतात. भरती झाली ते कारण इजा असूनही लोक हा रकाना रिकामा सोडतात आणि आजाराचा रकाना भरतात. पहिल्या ३० दिवसांतल्या दाव्यात ही चूक महागात पडते.

सोबत डिस्चार्ज कार्ड, कॅज्युअल्टीचा पहिला कागद, एक्स-रे, तपशीलवार बिलं आणि पावत्या, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसह, प्लेट किंवा स्क्रू बसवले असतील तर त्यांचं बिल आणि स्टिकर, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश लागतो. रस्ते अपघात असेल तर रुग्णालय सहसा एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करून पोलिसांना कळवतं. त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. एफआयआर झाला असेल तर तोही जोडावा. घरात पाय घसरून पडल्यावर एफआयआर नसतो, आणि तो नाही एवढ्यावरून दावा नाकारला जाणं योग्य नाही. अशा वेळी स्वतःच्या सहीचं निवेदन द्यावं: तारीख, वेळ, जागा, काय करत असताना पडलो, सोबत कोण होतं, रुग्णालयात किती वाजता पोहोचलो. पाहणाऱ्या व्यक्तीचं चार ओळींचं निवेदन मिळालं तर उत्तम. वेळा मात्र कॅज्युअल्टीच्या नोंदीशी जुळल्या पाहिजेत.

नवी पॉलिसी आणि लगेच दावा, म्हणून कंपनीचा तपासनीस घरी किंवा रुग्णालयात येण्याची शक्यता बरीच असते. त्याला तेच सांगायचं जे कागदावर आहे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या जबाबावर सही करायची नाही, आणि जबाबाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

दावा तरीही फेटाळला तर कारण आणि पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागावं. ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, हवं तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्या अर्जात कॅज्युअल्टीचा कागद, डॉक्टरांचं स्पष्टीकरणपत्र आणि कंपनीचं नकारपत्र हे तिन्ही एकापुढे एक लावावेत, म्हणजे वाद नेमका कोणत्या शब्दावर आहे ते पहिल्या तीन पानांतच दिसतं.