बाळाच्या मोज्यातला गजर: आकडा ८५ का दाखवतो?

बाळाच्या पायात घालायच्या स्मार्ट मोज्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं आणि ऑक्सिजन देऊन परत निघालेलं लाल प्रकाश जास्त शोषतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पावलात थोडं ताजं रक्त येतं, त्यामुळे शोषण किंचित वाढतं नि पुन्हा उतरतं. यंत्र फक्त हा चढउतार टिपतं, दोन्ही रंगांचं गुणोत्तर काढतं आणि ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतं. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेलं हे तत्त्व भक्कम आहे. रुग्णालयातला पल्स ऑक्सिमीटरही त्यावरच चालतो.

अडचण येते ती पायाच्या हालचालीने. ठोक्यामुळे होणारा चढउतार एकूण प्रकाशाच्या मानाने अगदी थोडा असतो. बाळाने पाय झाडला की शिरांमधलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्तही हिंदकळतं आणि यंत्राला तेच नाडीसारखं भासतं. हालचाल मोठी असली, तर दोन्ही रंगांचा चढउतार जवळजवळ सारखा होतो, म्हणजे गुणोत्तर १ च्या आसपास येतं. ऑक्सिमीटरच्या कोष्टकात १ या गुणोत्तराचा अर्थ साधारण ८५ टक्के असा असतो. म्हणून पडद्यावर अचानक ८५ च्या आसपास अडकलेला आकडा दिसला आणि त्याच वेळी पाय हलत असेल, तर तो बहुधा हालचालीचा आकडा असतो, रक्तातल्या ऑक्सिजनचा नव्हे. मोजा सैल असणं आणि पाऊल गार पडणं यांनीही तेच घडतं, कारण दोन्हींत खरी नाडी क्षीण दिसते.

रुग्णालयातल्या यंत्राच्या शेजारी ठेवून असे मोजे तपासले गेले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी सहा महिन्यांपर्यंतच्या ३० बाळांवर दोन ग्राहकोपयोगी यंत्रं लावून पाहिली. एका यंत्राने ऑक्सिजन खरोखर उतरल्याचं बहुतेक वेळा पकडलं, पण त्यात सातत्य नव्हतं. दुसऱ्याने ते एकदाही पकडलं नाही, उलट नाडी मात्र खोटीच मंद दाखवली. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांमध्ये एवढा फरक असू शकतो, आणि तो खोक्यावरच्या वर्णनावरून कळत नाही.

आता समजा, यंत्र अगदी अचूक आहे. तरी प्रश्न सुटत नाही, कारण निरोगी बाळाचा ऑक्सिजनही रात्रभर एका पातळीवर राहत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ थोडे श्वास भरभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. हे वयाला साजेसंच आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेळेवर जन्मलेल्या ६४ निरोगी बाळांची घरी नोंद ठेवली गेली. नेहमीची पातळी ९८ टक्क्यांच्या आसपास होती, तरी निम्म्याहून जास्त बाळांमध्ये ती कधी ना कधी किमान दहा अंकांनी आणि किमान पाच सेकंद उतरली. यंत्र नसतं तर या उतारांचा कुणाला पत्ताही लागला नसता.

यातून खोट्या गजरांचं गणित कसं होतं, ते सोपे आकडे धरून पाहू. १००० बाळांपैकी १० खरोखर आजारी आहेत. यंत्र आजारी बाळांपैकी ९० टक्के ओळखतं आणि निरोगी बाळांपैकी १४ टक्क्यांसाठी चुकून वाजतं. म्हणजे खरे गजर ९ आणि खोटे सुमारे १३९. एकूण १४८ गजरांत खरे ९, म्हणजे साधारण सोळांत एक. धोका जितका दुर्मीळ, तितके खोटे गजर अधिक, मग यंत्र कितीही चांगलं असो.

रात्री पावणेतीनला मोज्याचा गजर वाजतो, दोन महिन्यांचं बाळ पाळण्यात आहे आणि पडद्यावर ८६. पहिली नजर पडद्यावर नको, बाळाच्या तोंडावर हवी. ओठ आणि जीभ गुलाबी आहेत का? छाती-पोट वर-खाली होतंय का? गालाला किंवा तळव्याला हलकेच हात लावला की हालचाल करतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर मोजा नीट बसवा, पाऊल उबदार करा आणि एक मिनिट पूर्ण थांबून श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. बाळाचा श्वास अनियमित असतो, त्यामुळे ती मोजणी चुकते. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास असतील, तर तो वेगवान श्वास. बाळ शांत असताना पुन्हा मोजल्यावरही तेवढाच आला, तर त्याच रात्री डॉक्टरांकडे जा. ओठ निळसर असतील, बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात असेल किंवा बाळ हाकेला, स्पर्शाला दाद देत नसेल, तर पडद्यावर ९८ असला तरी तातडीची मदत बोलवा. श्वास थांबलेलाच असेल, तर लगेच कृत्रिम श्वास आणि छाती दाबणं सुरू करा.

झोपेच्या अ‍ॅपची चूक वेगळ्या दिशेने होते. बहुतेक अ‍ॅप झोप मोजतच नाहीत, हालचाल मोजतात. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. बाळ डोळे मिटलेले असतानाच हसतं, कुरकुरतं, हातपाय हलवतं. अ‍ॅप त्याला ‘जाग’ म्हणतं आणि सकाळी यादीत ‘नऊ वेळा उठलं’ असं येतं. उलट, बाळ शांत पडून टक लावून बघत असेल तर ती वेळ झोपेत जमा होते. या आकड्यावर विसंबून बाळाला सक्रिय झोपेतून उचललं, तर ते खरोखर जागं होतं आणि दुसऱ्या दिवशीचा अहवाल आणखी वाईट येतो. त्यामुळे अ‍ॅप झोपेला रोज जे गुण देतं त्यांच्याऐवजी आठवड्याचं सरासरी चित्र पाहावं, आणि गुण कळवणाऱ्या सूचना सरळ बंद ठेवाव्यात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की झोपेतल्या आकस्मिक शिशुमृत्यूचा धोका कमी करायला घरगुती यंत्रांचा आधार घेऊ नये. ज्यांचा खरा उपयोग दिसला आहे त्या गोष्टी साध्या आहेत: बाळाला पाठीवर झोपवणं, घट्ट सपाट गादी, बाळाच्या जागेत उशी-पांघरूण-खेळणी नसणं, धूम्रपानापासून दूर ठेवणं. मोज्यावर विश्वास टाकून यातली एखादी गोष्ट सैल पडणं हे खोट्या गजराहून घातक आहे. ज्या बाळाला डॉक्टरांनीच घरी ऑक्सिजन किंवा यंत्र दिलं आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याच्या गजराची मर्यादा डॉक्टर ठरवतात, आणि ती आपण बदलायची नसते.

काळजी कधी वाढते, हे काही ठरावीक खुणांवरून ओळखता येतं. आई किंवा बाबा यंत्र लावल्याशिवाय डोळा मिटू शकत नाहीत. बाळाकडे पाहण्याआधी फोन पाहिला जातो. गजर नसतानाही तासातासाला आकडा उघडला जातो. आकडा नीट असूनही छातीतली धडधड थांबत नाही. नवजात अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या बाळांच्या घरी हे सहज होतं, कारण तिथे आठवडेच्या आठवडे पडद्याकडे पाहण्याची सवय लागलेली असते. असं झालं तर यंत्र एकदम काढून ठेवण्याऐवजी आधी दिवसाच्या झोपेला लावणं थांबवावं, दोन-तीन दिवसांनी रात्रीच्या पहिल्या झोपेला, मग उरलेल्या रात्रीला. दोन आठवड्यांनंतरही धडधड तशीच असेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, तर बाळंतपणानंतरच्या चिंतेबद्दल डॉक्टरांशी बोलावं. ती चिंता बाबांनाही होते आणि तिच्यावर उपचार आहेत.