इन्व्हर्टरची लाइन आणि तिचा स्वतःचा न्यूट्रल

दापोली तालुक्यातल्या मावशीच्या घराचं वायरिंग या मार्चमध्ये नव्यानं करायचं ठरलं. पावसाळ्यात तिकडे झाड तारेवर पडलं की चार-सहा तास लाइट जाणं नेहमीचंच. मावशीचं म्हणणं सरळ होतं, "अरे, मोठा इन्व्हर्टर घेऊ आणि सगळं घर त्यावर टाकू. म्हणजे कटकट नको." माझा निम्मा जन्म घरांच्या वायरिंगमध्ये गेला आहे, आणि ही मागणी मी बहुतेक घरांत ऐकतो. पण किती मोठा इन्व्हर्टर घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. भिंतीला प्लास्टर लागण्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे कोणत्या वायरी इन्व्हर्टरवर जाणार आणि त्यांचा न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत आणणारी वायर, कुठून येणार.

आधी बॅटरीत किती वीज असते ते पाहू. घरगुती इन्व्हर्टरला सहसा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी जोडतात. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण १५० हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा असतो. घराचा भार पडला की तिच्यातून ३५-४० अँपिअर निघतात, आणि इतक्या घाईनं उपसली तर तीच बॅटरी कमी वीज देते. शिवाय १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना इन्व्हर्टरमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते. बॅटरी दर वेळी तळापर्यंत रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं ते वेगळंच. म्हणून मी लिहिलेल्या आकड्याच्या साठ टक्केच हाताशी धरतो, म्हणजे साधारण १०८० वॅट-तास.

मावशीबरोबर घरभर फिरून वहीत यादी केली. माजघर आणि दोन खोल्या मिळून तीन पंखे, जुन्या धाटणीचे, प्रत्येकी ७५ वॅटचे. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे: माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या, पडवी आणि न्हाणीघराकडे जाणारा बोळ. टीव्ही ५० वॅट, वायफायचा राउटर १०, मोबाइलचे दोन चार्जर मिळून २०. बेरीज ३६० वॅटला टेकली. १०८० भागिले ३६०, म्हणजे तीन तास.

मावशीला तीन तास पुरेनात. बॅटरी वाढवण्याऐवजी मी पंखे बदलायला सांगितले. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. तीन पंख्यांचे २२५ वॅट ९० वर आले, एकूण भार २२५ च्या घरात आला आणि तीच बॅटरी पावणेपाच तासांवर गेली. रात्री तर दोन पंखे, एक दिवा आणि राउटर एवढंच चालतं, ८० वॅटसुद्धा नाहीत. इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरली तरी अख्खी रात्र निघते. या यादीत पंखा सगळ्यात खादाड असतो, आणि लोक मात्र दिवे मोजत बसतात.

फ्रिजवरून मात्र थोडी हुज्जत झाली. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सातशे वॅटच्या आसपास देतो. त्यावर आधीच पंखे-दिवे चालू असताना हा झटका बसला तर इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडू शकतो, आणि मग सगळंच घर अंधारात. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास थंडी धरून ठेवतो. म्हणून फ्रिज बाहेर. विहिरीचा पंप, मिक्सर, इस्त्री, गिझर यांचा प्रश्नच नव्हता, पण स्वयंपाकघराचा बोर्ड इन्व्हर्टरवर टाकला की हे सगळं चोरपावलांनी आत येतं. कुणीतरी सवयीनं मिक्सरची पिन खोचतंच. म्हणून पूर्ण बोर्ड द्यायचा नाही, बोर्डातले पॉइंट निवडायचे. स्वयंपाकघरात फक्त दिवा, माजघरात दिवा, पंखा आणि टीव्ही-राउटरचं एक सॉकेट, खोल्यांमध्ये एक दिवा, एक पंखा आणि उशाशी चार्जरचं सॉकेट. इन्व्हर्टरच्या प्रत्येक सॉकेटवर पिवळं स्टिकर.

आता न्यूट्रलकडे येऊ, कारण बिघाडाची मुळं बहुतेक तिथेच सापडतात.

अनेक ठिकाणी इन्व्हर्टरची लाइन ओढायची म्हणजे एकच वायर ओढतात. इन्व्हर्टरमधून फेज, म्हणजे वीज घेऊन जाणारी वायर, निघतो, बोर्डाबोर्डांत फिरतो, निवडलेल्या स्विचांना जोडला जातो. न्यूट्रल मात्र त्या बोर्डात आधीपासून असतो तोच वापरतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, काम झालं असं वाटतं. अडचण होते ती आरसीसीबीशी. काही जण तिला अजून ईएलसीबी म्हणतात. घरभर वीज जिथून वाटली जाते त्या डीबीतली ही पेटी एकच काम करते: फेजमधून जितका प्रवाह बाहेर गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत पडताळते. सकाळी दारातून बाहेर गेलेली गुरं संध्याकाळी मोजून आत घ्यावीत तसं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती वीज तोडते, कारण हरवलेला प्रवाह कदाचित माणसाच्या अंगातून जमिनीत जात असतो.

काही वर्षांपूर्वी मला एका ओळखीच्या फ्लॅटमध्ये बोलावलं होतं. तिथे डीबीत दोन आरसीसीबी होत्या, एक दिव्या-पंख्यांसाठी आणि एक पॉवर सॉकेटांसाठी. इन्व्हर्टरची पिन पॉवरच्या सॉकेटमध्ये होती, म्हणजे त्याचा फेज दुसऱ्या आरसीसीबीतून येत होता. दिव्यांचा न्यूट्रल मात्र जुनाच, पहिल्या आरसीसीबीतून परतणारा. एका दारानं बाहेर आणि दुसऱ्यानं आत, त्यामुळे दोन्हीकडे हिशेब चुकत होता. खोलीतला अर्ध्या वॅटचा झिरो लागायचा, काही व्हायचं नाही. ९ वॅटचा दिवा लावला की खटकन पेटी पडायची. २३० व्होल्टला ९ वॅट म्हणजे जवळपास ४० मिलिअँपिअर, आणि तीसवर तोडायचं हेच तर तिचं काम. आधी आलेल्या वायरमननं "आरसीसीबी खराब आहे" म्हणून दिव्यांची पेटी बायपास करून टाकली होती आणि पॉवरचीही काढायला निघाला होता. चूक दाखवणारी पेटी अशी काढून टाकली की घरातल्या लेकराबाळांचं एकमेव संरक्षण जातं, आणि ते गेलंय हे घरात कुणाला कळतही नाही. हे पाहिलं की आजही माझा जीव तुटतो.

तेव्हा नियम असा की इन्व्हर्टरवरच्या प्रत्येक पॉइंटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरच्या आउटपुटमधूनच निघाले पाहिजेत. मावशीकडे मुख्य डीबीशेजारी एक छोटी डीबी बसवली. तिच्यात इन्व्हर्टर लाइनची स्वतंत्र आरसीसीबी, जादा प्रवाह झाला की वीज तोडणाऱ्या दोन एमसीबी आणि न्यूट्रलची वेगळी पट्टी. तिथून दीड स्क्वेअर एमएमच्या वायरी निघाल्या, फेज पिवळा, न्यूट्रल काळाच पण दोन्ही टोकांना पिवळी टेप गुंडाळलेला. एकाच बोर्डात इन्व्हर्टरचे आणि साधे पॉइंट शेजारी असले तरी त्यांचे न्यूट्रल एकमेकांना लूप करायचे नाहीत. ही शिस्त प्लास्टरनंतर आणता येत नाही, कारण एका पाइपातून किती वायरी जाणार हे पाइप टाकतानाच ठरतं.

याच छोट्या डीबीत एक चेंजओव्हर स्विच आहे, फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम पालटणारा. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर त्यावरचे दिवे थेट लाइटवर घेता येतात. हा स्विच नसला की लोक तात्पुरतं म्हणून दोन्ही फेज एकत्र पिळतात आणि विसरतात. मग लाइट गेल्यावर इन्व्हर्टरची वीज उलटी मेन लाइनवर चढते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्या पिळलेल्या वायरीवर टांगलेला असतो. छोट्या डीबीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: "मेन बंद केला तरी इथे वीज असते."

बॅटरी कुठे ठेवायची यावर फार विचार लागला नाही. इन्व्हर्टर पूर्ण भारावर असताना २३० व्होल्टच्या वायरीत तीन अँपिअर असतात, तर बॅटरीच्या केबलीत सत्तरच्या आसपास. वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गानं, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या वायरीत पाचशे पटींहून जास्त. म्हणून बॅटरी इन्व्हर्टरला लागून, मोकळ्या हवेत, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. लांब न्यायची ती २३० व्होल्टची वायर. इन्व्हर्टरच्या पिनेसाठी डीबीतून थेट आलेलं १६ अँपिअरचं सॉकेट दिलं.

एक मर्यादा मावशीला आधीच सांगितली होती. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लाइट असावी लागते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यात कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. तशा वेळी हा इन्व्हर्टर पहिल्या रात्रीपुरता, फार तर काटकसरीनं दुसऱ्या.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी तपासणी केली. मेन बंद, इन्व्हर्टरची पिन काढलेली, आउटपुट सोडवलेलं. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक मुख्य डीबीच्या न्यूट्रल पट्टीला, दुसरं छोट्या डीबीच्या पट्टीला लावलं. दोन्ही न्यूट्रल खरोखर वेगळे असतील तर मीटर गप्प राहिला पाहिजे. तो वाजला.

छोट्या पट्टीवरचा एकेक न्यूट्रल सोडवत गेलो. बोळाकडे जाणारा सुटला तेव्हा आवाज थांबला. बोळातूनच माडीचा जिना चढतो, आणि जिन्यातल्या दिव्याला खाली एक, वर एक असे दोन स्विच आहेत. हा दिवा यादीत नव्हता, साध्या लाइनवर होता. वायरमननं त्याला फेज माडीवरच्या बोर्डातून बरोबर दिला होता, पण न्यूट्रल खाली बोळाच्या दिव्याकडून घेतला होता, वायर वाचते म्हणून. होल्डरमध्ये वरून आलेला जुना न्यूट्रलही तसाच जोडलेला राहिला होता, त्यामुळे दोन्ही पट्ट्या तिथे एक झाल्या होत्या. जिन्याचा दिवा लावला की नवी आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडली असती.

मावशी खालच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, "मग जिन्याचा दिवाच इन्व्हर्टरवर घे ना. अंधारात पडायचं ते मी तिथेच पडणार." तिचं बरोबर होतं, तो दिवा यादीतून सुटला ती चूक माझी. वरचा न्यूट्रल होल्डरमधून काढला, पिवळा फेज बोळातून खालच्या स्विचपर्यंत ओढला, वरच्या बोर्डातला जुना फेज सोडवून टोकाला टेप लावली. वायरी पुन्हा पट्टीवर घट्ट केल्या, मीटर लावला. या वेळी तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला.