मेकअपचा दुहेरी पेच

मेकअप केला तर नटवी, नाही केला तर गबाळी, असा दोन्हीकडून बोल लागण्याच्या स्थितीला मेकअपचा दुहेरी पेच म्हणतात. ‘दुहेरी पेच’ ही कल्पना मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात मांडली होती. परस्परविरोधी दोन आज्ञा, आणि त्यातून निसटायला वाट नाही, असे तिचे स्वरूप.

इथे दोन आज्ञांच्या मधे एक अरुंद पट्टी उरते: मेकअप असावा, पण दिसू नये. डोळ्यांखाली कन्सीलर, वर त्वचेच्याच रंगाचे पातळ फाउंडेशन, तपकिरी मस्कारा आणि ओठांच्या रंगाच्या जवळपास जाणारी लिपस्टिक लावलेल्या चेहऱ्याला ‘किती साधी राहते’ अशी दाद मिळते. खरोखर काहीच न लावता आलेलीला ‘बरं नाही का?’ असे विचारले जाते, आणि लाल लिपस्टिक लावली की ‘कुठे लग्नाला?’ म्हणजे टीका लेपाच्या प्रमाणावर होत नाही, मेहनत उघडी पडण्यावर होते. पट्टीत राहायचे तर वेळ आणि पैसा खर्च करून तो खर्च लपवावाही लागतो.

हा लपलेला खर्च न्यायालयातही कसा अदृश्य राहतो, ते अमेरिकेतील जेस्पर्सन विरुद्ध हॅराज या खटल्यात दिसते. डार्लीन जेस्पर्सन रीनो येथील हॅराज कसिनोत सुमारे वीस वर्षे बारटेंडर होत्या. २००० मध्ये कंपनीने नियम केला: पेय वाढणाऱ्या स्त्रियांनी पावडर किंवा फाउंडेशन, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावलीच पाहिजे. पुरुषांना मेकअपची बंदी, केस कॉलरच्या वर आणि नखे कापलेली, एवढेच. मेकअपमुळे आपली पत जाते, असे जेस्पर्सन यांचे म्हणणे होते. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गमावली.

२००६ मध्ये अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कसोटी अशी होती की, नियमाचा बोजा स्त्रियांवर पुरुषांपेक्षा जास्त पडतो का? मेकअपला किती वेळ आणि पैसा लागतो, याचा पुरावा जेस्पर्सन यांच्या बाजूने दाखल झाला नव्हता, आणि तो स्वतःहून गृहीत धरायला बहुमताने नकार दिला. (आरशासमोर उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण कागदावर नाही म्हणून नाहीच.)

याआधी १९८९ मध्ये प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण कंपनीच्या खटल्यात अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय तिथल्या कर्मचारी अ‍ॅन हॉपकिन्स यांच्या बाजूने झुकले होते. भागीदारी मिळवायची तर जास्त बायकी वागा आणि मेकअप करा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. पण तिथे नियम लेखी नव्हता, वरिष्ठांचे शेरे होते. जेस्पर्सन प्रकरणात गणवेशाच्या नियमावलीत बसवल्यावर तीच अपेक्षा रीतसर ठरली. विरोधी मत नोंदवताना न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी कल्पना करायला सांगितले, की सगळ्या न्यायाधीशांना पावडर, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावूनच आसनावर बसण्याचा नियम झाला, तर?