अभिप्राय मागणं आणि जाब विचारणं: नकारानंतरच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या मेलमधला फरक

मुलाखतीनंतर नकार आला की बरेच जण हायरिंग मॅनेजरला मेल लिहितात. त्यांतल्या काही मेलना उपयोगी उत्तर येतं. बाकीचे मेल मॅनेजर वाचतो आणि एचआरकडे ढकलतो, मग तिकडून ठरलेली दोन वाक्यं येतात किंवा काहीच येत नाही. वरवर पाहिलं तर दोन्ही प्रकारचे मेल सभ्य असतात. आभार असतात, ‘फीडबॅक’ हा शब्द असतो, पुढच्या तयारीचा उल्लेखही असतो. फरक असतो तो प्रश्नाचा रोख कुठे आहे यात. एक प्रश्न उमेदवाराच्या कामाबद्दल असतो, त्याला अभिप्राय मागणं म्हणायचं. दुसरा मॅनेजरच्या निर्णयाबद्दल असतो, तो जाब. लिहिणाऱ्याला आपण जाब विचारतोय हे बहुतेक वेळा कळतही नाही.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टची जागा. तीन राउंड: ऑनलाइन एसक्यूएल टेस्ट, मग केस स्टडी, शेवटी मॅनेजरशी तासभर बोलणं. केस स्टडीचा प्रश्न असा, की घरपोच जेवण देणाऱ्या एका ॲपच्या ऑर्डर महिनाभरात घटल्या, कारण शोधा. मंगळवारी मेल आला की कंपनी दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जाते आहे. त्यावर उमेदवाराने लिहिलं:

‘नमस्कार मॅडम, मेल मिळाला. वेळ दिल्याबद्दल आभार. तिन्ही राउंड चांगले झाले होते आणि केस स्टडीनंतर तुम्हीही “छान” म्हणाला होतात, त्यामुळे निर्णय थोडा अनपेक्षित वाटला. माझी निवड नेमकी कशामुळे झाली नाही हे कळलं तर पुढच्या तयारीला मदत होईल. कृपया प्रामाणिक फीडबॅक द्यावा.’

यात एकही उद्धट शब्द नाही. तरी हा जाब आहे. ‘राउंड चांगले झाले होते’ हा उमेदवाराने आधीच मांडलेला पुरावा, आणि ‘तुम्हीही छान म्हणाला होतात’ म्हणजे मॅनेजरलाच साक्षीला उभं करणं. मुलाखतीतलं ‘छान’ हे बऱ्याचदा ‘कळलं, पुढे चला’ एवढ्याच अर्थाचं असतं, हे मॅनेजरला माहीत असतं. आता ते स्वतःवर उलटलेलं पाहून ती सावध होते. ‘प्रामाणिक’ हा शब्द तर हमखास खटकतो. मागणारा म्हणतोय की एरवी तुम्ही खोटं सांगाल.

पण सगळ्यात मोठी अडचण ‘निवड कशामुळे झाली नाही’ या प्रश्नात आहे. त्याचं खरं उत्तर पुष्कळदा उमेदवाराबद्दल नसतंच. कुणाचा नोटिस पीरियड तीस दिवसांचा आणि कुणाचा नव्वद, कंपनीतूनच कुणी त्या जागेवर आलं, अपेक्षित पगार बजेटबाहेर गेला, किंवा वरून ती जागाच गोठवली. यातलं काहीही मॅनेजर बाहेरच्या माणसाला लिहून देऊ शकत नाही. शिवाय निर्णय एकट्याचा नसतो, पॅनेलचा असतो. दुसऱ्याच्या मताचं लेखी स्पष्टीकरण द्यायला कुणी धजत नाही. म्हणून असा मेल एचआरकडे जातो. (सरकारी भरतीत गोष्ट वेगळी. तिथे आपले गुण किंवा उत्तरपत्रिका मागायला 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे, परीक्षेगणिक त्याच्या मर्यादा असल्या तरी. खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही, त्यामुळे अर्जाची ती भाषा इथे आणून उपयोग नाही.)

आता त्याच उमेदवाराने या मेलऐवजी लिहिता आला असता असा दुसरा मेल:

‘नमस्कार मॅडम, निर्णय कळवल्याबद्दल आभार. यापुढेही मी ॲनालिटिक्सच्याच जागांसाठी अर्ज करणार आहे, म्हणून एकच विचारतो. केस स्टडीत ऑर्डर का घटल्या हे शोधताना मी सुरुवातीलाच शहरांनुसार आकडे पाडले. तिथे सुरुवात वेगळी हवी होती का, की निष्कर्ष मांडताना काही राहिलं? दोन ओळी पुरेत. लिहिण्यापेक्षा बोलणं सोयीचं असेल तर दहा मिनिटांचा फोनही चालेल. नियमांमुळे सांगता येत नसेल तर हरकत नाही.’

इथे निर्णय मान्य झाला आणि तो विषय पहिल्याच वाक्यात मिटला. ‘निवड’ हा शब्द कुठेच आला नाही, दुसऱ्या उमेदवाराचा उल्लेख तर नाहीच. प्रश्न मुलाखतीतल्या एका ठरावीक जागेबद्दल आहे, त्यामुळे मॅनेजरला ती आठवते आणि निर्णयाचं समर्थन न करताही उत्तर देता येतं. मेल पाठवण्याआधी हीच कसोटी लावावी: निवड का झाली नाही याबद्दल अवाक्षर न काढता या प्रश्नाचं उत्तर देता येईल का? येत असेल तर तो अभिप्राय. येत नसेल, तर भाषा कितीही गोड केली तरी जाबच.

‘सुरुवात की मांडणी’ असे दोन पर्याय ठेवण्यालाही कारण आहे. ‘माझ्यात काय सुधारायला हवं?’ असं मोघम विचारलं की उत्तरही ‘कम्युनिकेशन’ असं मोघम येतं. दोन पर्याय दिले की माणूस एक निवडतो, किंवा ‘दोन्ही ठीक होतं, तिसरंच काहीतरी होतं’ असं म्हणतो, आणि ते तिसरंच सर्वांत कामाचं असतं. मात्र तीन राउंडचे तीन प्रश्न पाठवू नयेत. मॅनेजरला तो फॉर्म भरल्यासारखा वाटतो आणि मेल ‘नंतर बघू’ मध्ये जाऊन बसतो.

फोनचा पर्याय सहज म्हणून ठेवलेला नाही. लेखी कारण पुढे कुणीही दाखवू शकतं, म्हणून कंपन्या ते टाळायला सांगतात. तोच माणूस फोनवर दोन मिनिटांत मुद्द्याचं सांगून मोकळा होतो. तसा फोन आलाच तर ऐकताना टिपून घ्यावं. रेकॉर्ड करू नये, आणि नंतर ‘आपल्या बोलण्यानुसार’ असा सगळं नोंदवणारा मेलही पाठवू नये. फोनवर सांगण्याचा हेतूच त्याने हाणून पाडला जातो.

वेळेचं गणित सोपं आहे. मेल आला त्याच संध्याकाळी लिहिलं तर रुखरुख शब्दांतून झिरपते, आणि ती नेमकी ‘त्यामुळे’, ‘तरीही’, ‘कारण’ अशा वाक्यं जोडणाऱ्या शब्दांतून दिसते. एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. पण दोन आठवडे थांबलं तर मॅनेजरने मधल्या काळात आणखी काही जणांच्या मुलाखती घेतलेल्या असतात, आणि कोणी शहरांनुसार आकडे पाडले हे तिला आठवत नाही. मॅनेजरचा मेल पत्ता मुलाखतीच्या आमंत्रणात असेल तर थेट लिहावं. नसेल तर नकार कळवणाऱ्या रिक्रूटरला त्याच थ्रेडमध्ये लिहून ‘हे मॅडमपर्यंत पोचवाल का’ असं विचारावं. पत्ता अंदाजाने जुळवून पाठवू नये. पोचला तरी माणूस दचकतो. आणि अर्ज बायोडेटाच्या टप्प्यावरच गळला असेल तर मॅनेजरकडे सांगण्यासारखं काही नसतं, तिथे विचारूच नये. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करावी, पुन्हा नाही.

उत्तर आल्यावरचा टप्पा अवघड आहे, कारण चांगला अभिप्राय मागणारेही इथे जाबावर घसरतात. समजा, मॅडमनी लिहिलं: ‘एसक्यूएल उत्तम होतं. केसमध्ये “ऑर्डर” म्हणजे काय हे न विचारता तुम्ही आकड्यांत शिरलात. रद्द झालेल्या ऑर्डर धरायच्या की नाही, तुलना मागच्या महिन्याशी की मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी, हे आधी ठरवायला हवं होतं.’ हा सोन्यासारखा अभिप्राय आहे, आणि उमेदवाराच्या मनात पहिली प्रतिक्रिया उमटते ती ‘पण वेळ तर तीसच मिनिटं दिला होता’. ती खरीही असेल. लिहिली की संपलं. मॅनेजर पुढच्या उमेदवाराला असं काही सांगायच्या भानगडीत पडणार नाही.

त्याऐवजी एवढं पुरतं: ‘आभार. व्याख्या आधी पक्की करण्याचा मुद्दा पटला. पुढच्या केसमध्ये पहिली पाच मिनिटं त्यालाच देईन.’ मुद्दा पटला नसेल तर ‘लक्षात आला’ लिहावं, खोटं ‘पटला’ लिहू नये. ‘पुढे जागा निघाली तर नक्की कळवा’ हे वाक्य मात्र याच मेलमध्ये जोडू नये, असं आमचं मत. त्याने आधीची सगळी विचारपूस त्यासाठीच होती असं वाटतं. तीन-चार महिन्यांनी वेगळा मेल करावा.

कधीकधी उत्तर येतं, पण त्यात काही नसतं. ‘दुसऱ्या उमेदवाराचा अनुभव जास्त जुळला’ हे उत्तर निर्णयाबद्दल आहे, कामाबद्दल नाही, त्यामुळे त्यातून स्वतःच्या उणिवा शोधत बसू नये. ‘कल्चर फिट’ यामागे काहीही असू शकतं. खोदून विचारायचं असेल तर एकदाच, तेही अरुंद: ‘टीममध्ये काम कसं चालतं याबद्दलच्या माझ्या कुठल्या उत्तरातून तसं वाटलं का?’ त्यावरही गोलमोल आलं तर आभार मानून थांबावं.

आता उलट बाजू. काही वेळा जाब विचारणंच योग्य असतं, आणि तेव्हा त्याला अभिप्रायाचं सोंग देऊ नये. टेस्टची लिंक मध्येच बंद पडली आणि अर्धवट उत्तरं तपासली गेली, मुलाखतीत लग्न किंवा गरोदरपणाबद्दल विचारलं गेलं, ऑफर लेटर देऊन मागे घेतलं, अशा गोष्टी मॅनेजरला नव्हे तर एचआरला, वेगळ्या मेलमध्ये, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉटसह सरळ लिहाव्यात. लिंक बंद पडल्याची तक्रार तर नकार येण्याआधी, त्याच दिवशी करावी. निकालानंतर केलेली तीच तक्रार सबब वाटते.

जर्मनीत अर्ज करणाऱ्या मराठी इंजिनिअरांना हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. तिथल्या समान वागणुकीच्या कायद्यानुसार, भेदभावामुळे नाकारलं गेल्याचा भरपाईचा दावा साधारणपणे नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत लेखी करावा लागतो. म्हणून त्या काळात तिथल्या कंपन्या कारणांबद्दल फार सावध असतात, आणि कितीही चांगला मेल लिहिला तरी उत्तर ठोकळेबाज येऊ शकतं. अशा वेळी नकारानंतर विचारण्यापेक्षा शेवटच्या राउंडच्या अखेरीस, ‘तुम्हाला काही प्रश्न आहेत का’ असं म्हटलं गेल्यावर, तिथेच विचारावं: ‘आजच्या केसमध्ये तुम्ही स्वतः कुठून सुरुवात केली असती?’ तोवर निर्णय झालेला नसतो, त्यामुळे त्याचा बचाव करायचीही वेळ कुणावर आलेली नसते.